पडद्यावरचा ठिपका आणि कागदावरचा ०.५

प्रश्न: कोल्हापूरला पॉलिटेक्निकला आहे. प्लास्टिकच्या ऑप्टिकल फायबरचा एनए, म्हणजे न्यूमरिकल अपर्चर, काढायचं प्रॅक्टिकल केलं. टोकापासून पडद्यापर्यंतचं अंतर १०, १५, २०, २५ मिमी ठेवलं, ठिपक्याचा व्यास ५.५, ९.५, १३.५, १७.५ मिमी आला. सूत्रात घातलं तर एनए ०.२७, ०.३०, ०.३२, ०.३३, सरासरी ०.३०. फायबरच्या माहितीपत्रकात ०.५ लिहिलंय. आमचं कुठं चुकलं? आणि अ‍ॅक्सेप्टन्स अँगलच्या बाहेरून आलेला प्रकाश आत शिरतो तर खरा, मग तो पुढं का जात नाही?

उत्तर:

सरासरी काढलीत तिथंच चुकलं. रीडिंगं तुम्ही चांगली घेतली आहेत. इतकी चांगली की चूक कुठं आहे ते त्यांच्यातूनच दिसतंय.

तुमचे चार एनए पुन्हा एकदा ओळीनं वाचा. ०.२७, ०.३०, ०.३२, ०.३३. हाताच्या थरथरीमुळं किंवा नजरेच्या अंदाजामुळं फरक पडला असता तर आकडे वर-खाली झाले असते. इथं ते शिस्तीत चढत गेलेत. फायबर तर एकच आहे, पडदा लांब नेला म्हणून त्याचा एनए वाढत नाही. याचा अर्थ प्रत्येक अंतरात तेवढीच, ठरावीक चूक मिसळली आहे. १० मिमीच्या रीडिंगला ती मोठी वाटते, २५ मिमीला तिचा वाटा कमी होतो, म्हणून आकडा हळूहळू खऱ्याच्या दिशेनं सरकतो. अशा चार आकड्यांची सरासरी म्हणजे एकाच चुकीचे चार वेगवेगळे डोस एकत्र ढवळल्यासारखं आहे.

आता व्यास बघा. पडदा ५ मिमी मागं नेला की ठिपका बरोबर ४ मिमीनं वाढतो, तिन्ही वेळा. म्हणजे शंकू अगदी सरळ आहे, फूटपट्टीचं शून्य तेवढं चुकीच्या जागी आहे. ग्राफपेपरवर आडवं अंतर आणि उभा व्यास घेऊन चार बिंदू मांडा, एका रेषेत येतील. त्या रेषेचा चढ ०.८ आहे. व्यासाऐवजी त्रिज्या धरायची तर निम्मा, ०.४. हा शंकूच्या अर्ध्या कोनाचा टॅन. कोन येतो २१.८ अंश आणि त्याचा साइन ०.३७. चढ काढताना शून्य कुठं आहे याची गरजच पडत नाही, म्हणून हा ०.३७ तुमच्या सरासरीपेक्षा विश्वासाचा.

तीच रेषा मागं वाढवली की चूकही हातात येते. फायबरच्या तोंडाशी ठिपका फायबरएवढाच, म्हणजे १ मिमीचा असायला हवा. तुमच्या रेषेवर व्यास १ मिमी होतो तो अंतर साधारण ४.४ मिमी असताना. म्हणजे तुम्ही अंतर होल्डरच्या तोंडापासून मोजलंय आणि फायबरचं टोक होल्डरच्या बाहेर साडेचार मिलिमीटरच्या आसपास आलेलं आहे. लॅबमध्ये जाऊन बघा. स्क्रू आवळताना फायबर पुढं सरकतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मी एका कॉलेजात सहा वर्षं लॅब सांभाळली, त्यातल्या निम्म्या बॅचेसची जर्नलं याच कारणानं चुकायची. शिवाय जर्नलमधलं नेहमीचं सूत्र

```
NA = W / √(4L² + W²)
```

हे फायबरचं तोंड म्हणजे एक बिंदू आहे असं धरून चालतं. पडदा १० मिमीवर असताना तोंडाचा तो १ मिमी अगदीच दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. चढ काढण्याच्या पद्धतीत तोही आपोआप गळून पडतो.

आता ०.३७ वरून ०.५ कडं जायचंय, आणि त्यासाठी माहितीपत्रकातला ०.५ नेमकं काय सांगतो ते बघावं लागेल. तुमच्या फायबरचा कोअर अ‍ॅक्रिलिकचा, अपवर्तनांक सुमारे १.४९२. त्यावर क्लॅडिंगचा फ्लोरिनयुक्त प्लास्टिकचा अगदी पातळ थर, अपवर्तनांक सुमारे १.४०२. कोअरमधून क्लॅडिंगकडं जाणारा किरण भिंतीला जितका तिरका घासून जाईल तितका आत परततो. लंबाशी ७० अंशांहून मोठा कोन झाला की पूर्ण आंतरिक परावर्तन, पलीकडं काही जात नाही. हा ७० अंश म्हणजे इथला क्रांतिक कोन. लंबाशी ७० म्हणजे फायबरच्या अक्षाशी २०. म्हणून कोअरच्या आत अक्षाशी २० अंशांपर्यंत वाकडे चाललेले किरण टिकतात, त्याहून वाकडे टिकत नाहीत.

पण आपण प्रकाश बाहेरून, हवेतून घालतो. हवेतून कोअरमध्ये शिरताना किरण अक्षाकडं वळतो. आतला २० अंश बाहेर किती? १.४९२ गुणिले साइन २०, उत्तर ०.५१, म्हणजे बाहेर ३०.७ अंश. हा ०.५१ म्हणजेच एनए आणि ३०.७ म्हणजे अ‍ॅक्सेप्टन्स अँगल. पुस्तकातलं

```
NA = sin θ = √(n1² − n2²)
```

हे सूत्र याच दोन पायऱ्या एकत्र बांधून तयार होतं. १.४९२ आणि १.४०२ घालून बघा, तोच ०.५१ येईल. इथं एक सावधगिरी: हा अर्धा कोन आहे, अक्षापासून एका बाजूचा. काही किटच्या पुस्तिकांत पूर्ण शंकूचा ६० अंश छापलेला असतो. तोंडी परीक्षेत कोणता विचारलाय ते आधी विचारून घ्या.

तर ०.५ हा आकडा फायबर किती रुंद शंकूतला प्रकाश *घेऊ शकतं* ते सांगतो. तुम्ही मात्र बाहेर पडणारा शंकू मोजलात. या दोन्ही गोष्टी एकच आहेत असं पुस्तकं धरून चालतात, आणि एका अटीवर ते बरोबरही आहे: आत घातलेल्या प्रकाशानं पूर्ण शंकू भरलेला असला पाहिजे. एक मीटरचं सरळ फायबर किरणाचा अक्षाशी असलेला कोन बहुतेक तसाच सांभाळतं. १५ अंशांच्या शंकूत प्रकाश घातलात तर पलीकडं साधारण १५ अंशांचाच शंकू निघणार. फायबरची ऐपत ३० अंशांची आहे हे त्या बिचाऱ्या पडद्याला कळायला मार्ग नाही.

यावर विश्वास बसत नसेल तर एक प्रयोग करा. मला विचाराल तर तुमच्या प्रॅक्टिकलपेक्षा हाच जास्त शिकवतो. किल्लीच्या जुडग्याला लावतात तसला लाल लेसर घ्या आणि एक मीटर फायबर टेबलावर शक्यतो सरळ चिकटपट्टीनं चिकटवा. पलीकडच्या टोकापासून २० मिमीवर ग्राफपेपर उभा करा आणि खोलीतले दिवे बंद करा. लेसर फायबरच्या तोंडावर अगदी नाकासमोर सरळ मारला की कागदावर लहान, भरीव ठिपका दिसेल. आता तोंडावरून झोत हलू न देता लेसर हळूहळू तिरका करत न्या. ठिपका मोठा होईल, मग मधे काळा पडेल आणि त्याचं कडं होईल. चकलीच्या पहिल्या वेढ्यासारखं, कडा थोड्या पुसट, पण कडंच. कारण २० अंशांनी शिरलेला किरण फायबरच्या भोवती कुठल्याही दिशेनं बाहेर पडू शकतो, पण अक्षाशी त्याचा कोन २० अंशच राहतो. २० अंशांना त्या कड्याचा व्यास साडेचौदा मिमीच्या आसपास भरेल. लेसर आणखी तिरका करा, कडं आणखी फुगेल. आणि मग तिशीच्या पुढं एक-दोन अंशांत ते विझतं. लेसर तोच, तोंडावर पडणारा प्रकाश जवळपास तेवढाच, पण कागदावर अंधार. तिथं कोनमापक धरून जो कोन वाचाल तो अ‍ॅक्सेप्टन्स अँगल. सूत्र नको, सरासरी नको. फक्त लेसर किंवा फायबरचं उजळलेलं टोक कुणी डोळ्यासमोर धरू नये एवढं बघा.

तुमच्या किटमध्ये बहुधा लाल एलईडी आहे आणि त्याच्या डोक्यावर प्लास्टिकचं भिंग आहे. ते भिंग प्रकाश अरुंद करून पुढं फेकतं, त्यामुळं फायबरमध्ये बावीस-पंचवीस अंशांपलीकडचे किरण फारच थोडे शिरतात. शिवाय ठिपक्याची कड धरताना डोळा फसतो. मधला भाग लखलखीत असला की त्याच्या कडेचा मंद भाग डोळ्याला दिसत नाही, त्यात ट्यूबलाइट चालू असेल तर विचारूच नका. प्रमाणित मोजणीत मधल्या तेजाच्या ५ टक्क्यांपर्यंत उतरल्यावरची जागा कड धरतात. डोळ्यानं आपण बरेच आधी थांबतो.

शंकू अर्धवट भरलाय की डोळा चुकतोय, हे ओळखायला एक सोपी खूण आहे. पडद्याकडं बघत फायबर मधल्या भागात हातानं हळूच वाकवा, चहाच्या कपाच्या कडेएवढ्या गोलाईनं. ठिपका *रुंद* झाला तर शंकू भरलेला नव्हता. वाकवल्यामुळं किरणांचे कोन आपसात मिसळले आणि रिकाम्या जागा भरल्या. रुंदी तशीच राहून ठिपका नुसता मंद झाला तर शंकू आधीच भरलेला होता आणि कडेचे काही किरण तुम्ही वाकवून बाहेर सांडलेत.

याच गोष्टीचा उपाय म्हणून वापर करायचा. लक्ष्मीपुरीत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात ४० मिमी पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे मिळतील. ते शेजारी उभे करून त्यांच्याभोवती फायबर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं गुंडाळायचं. एक मीटरमध्ये मोजकेच वेढे बसतात, म्हणून तीन-चार मीटरचा तुकडा घेतलात तर उत्तम. त्याहून बारीक पाइप घेऊ नका, एक मिमीच्या फायबरला तेवढं वाकणं सोसत नाही. दोन्ही टोकं कात्रीनं न कापता नव्या ब्लेडनं एका दाबात कापा आणि ओल्या, अगदी बारीक पॉलिश पेपरवर घासून घ्या. कात्रीनं कापलेलं टोक चिरडतं, ठिपक्याला शेपट्या फुटतात आणि कड सापडत नाही. एवढं करून, अंधारात, आमच्या लॅबमध्ये दर ५ मिमीला व्यास सुमारे ५.३ मिमीनं वाढायचा. त्याचा एनए येतो ०.४७. उरलेला ०.५१ पर्यंतचा फरक खरा आहे, तो काढायच्या मागं लागू नका. सगळ्यात तिरके किरण भिंतीला सर्वाधिक वेळा आपटतात, लांबचा रस्ताही तेच चालतात, त्यामुळं वाटेत थकणारेही तेच पहिले.

आता दुसरा प्रश्न. कोनाबाहेरचा प्रकाश आत शिरतो हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. फायबरच्या तोंडावर दरवान बसलेला नाही. ४० अंशांनी आलेला किरणही तोंडातून आत जातोच, काही टक्के तोंडावरून परततो तेवढंच. निवाडा होतो तो पुढं, भिंतीपाशी.

हिशेब करून बघू. बाहेर ४० अंश, आत वळून २५.५ अंश. म्हणजे भिंतीच्या लंबाशी ६४.५. क्रांतिक कोन ७०, हा त्याच्या आतला. म्हणून परावर्तन पूर्ण होत नाही, अर्धवट होतं. किती अर्धवट? फ्रेनेलच्या समीकरणांत हे आकडे घातले तर सुमारे ५ टक्के परततो आणि ९५ टक्के क्लॅडिंगमध्ये निघून जातो. पुढच्या आपटीला त्या ५ टक्क्यांचे पुन्हा ५ टक्के. दोन आपट्यांत चारशे भागांतला एक भाग उरला. दोन आपट्या म्हणजे फायबरमधलं अंतर जेमतेम चार मिलिमीटर.

ही झाली ढळढळीत बाहेरची केस. जेमतेम बाहेरची घ्या, ३२ अंशांची. ती ३०.७ च्या इतकी जवळ आहे की थोडीफार सवलत मिळेल असं वाटतं. इथं एका आपटीला सुमारे ३१ टक्के परततो, म्हणजे बऱ्यापैकी. पण हा किरण दर अडीच मिलिमीटरला भिंतीवर आपटतो. दहा आपट्यांनंतर, अडीच सेंटिमीटरच्या आसपास, लाखातला एक भागसुद्धा धड उरत नाही. त्या लेसरच्या प्रयोगात कडं एक-दोन अंशांत विझतं ते यामुळं. निसर्गाची सीमा तशी हळूहळू उतरणारी आहे, पण एका मीटरमध्ये तीच परीक्षा शेकडो वेळा द्यावी लागते म्हणून ती सुरीनं कापल्यासारखी दिसते.

हाच हिशेब आतल्या बाजूनं केला की पूर्ण आंतरिक परावर्तनातला *पूर्ण* हा शब्द किती महत्त्वाचा आहे ते कळतं. आत २० अंशांनी चाललेला किरण ०.९८ मिमीच्या कोअरमध्ये दर २.७ मिमीला आपटतो, मीटरभरात सुमारे ३७० वेळा. क्लॅडिंगऐवजी आतून ९९ टक्के परावर्तन करणारा उत्तम आरसा लावला असता तर? ०.९९ चा ३७० वा घात करा, हाती अडीच टक्क्यांहून कमी लागतं. मीटरभरातच दिवाळं. फायबरमध्ये मात्र आपटीगणिक तोटा जवळजवळ नाहीच. प्रकाश कमी होतो तो मुख्यतः प्लास्टिकच्या पोटातून जाताना.

क्लॅडिंगमध्ये गेलेल्या प्रकाशाचं काय होतं? फायबर नागडं असेल आणि बाहेर हवा असेल तर तो क्लॅडिंगच्या बाहेरच्या पृष्ठावरून पुन्हा पूर्ण परावर्तित होतो आणि काही अंतर सोबत चालतो. बाहेरचं काळं वेष्टन सोललेल्या छोट्या तुकड्यावर प्रॅक्टिकल करणाऱ्यांना म्हणूनच कधीकधी ०.६ च्या पुढचा एनए मिळतो आणि ते खूश होतात. काळं वेष्टन असलं की तो प्रकाश तिथंच शोषला जातो. काचेच्या फायबरवर जो अ‍ॅक्रिलेटचा लेप असतो त्याचा अपवर्तनांक मुद्दाम काचेपेक्षा जास्त ठेवलेला असतो, कारण क्लॅडिंगमध्ये भटकणारा प्रकाश बाहेर ओढून घ्यायचा असतो.

तोंड हवेऐवजी पाण्यात बुडवलं तर काय, हा तोंडी परीक्षेतला लाडका प्रश्न. रंकाळ्यात बुडवा नाहीतर बादलीत, फायबरच्या दोन अपवर्तनांकांतून येणारा ०.५१ बदलत नाही, कारण कोअर आणि क्लॅडिंग तेच आहेत. बदलतो तो शिरण्याचा कोन. ०.५१ भागिले १.३३, त्याचा कोन साडेबावीस अंश. आतला २० मात्र जिथल्या तिथं.

हे सगळं लॅबपुरतं आहे असं वाटू नये म्हणून माझीच एक फजिती सांगतो. लॅब सोडल्यावर मी फायबर जोडणीच्या कामात आलो. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत गेट ऑफिसपासून शॉपपर्यंत जुनी मल्टिमोड केबल होती. शॉप मागच्या प्लॉटवर सरकलं, म्हणून त्याच केबलला पुढं तीनेकशे मीटरचा नवा तुकडा जोडायचा होता. दोन्ही केबल नारिंगी. मी जोडून दिलं. स्प्लायसिंग मशीननं प्रत्येक सांध्याला ०.०२ डीबी तोटा दाखवला, मी चहा पिऊन घरी आलो.

आठवड्यानं फोन. लिंक मधूनच जाते, दोन्ही बाजूंचे दिवे लुकलुकतात. सोर्स आणि पॉवर मीटर घेऊन गेलो. ऑफिसकडून शॉपकडं मोजलं तर तोटा ६ डीबी. शॉपकडून ऑफिसकडं मोजलं तर तोच धागा, तेच सांधे, आणि तोटा २ डीबीपेक्षाही कमी. माझा पहिला विचार: मीटर बिघडलाय. दुसरा मीटर आणला. तेच.

मग केबलच्या अंगावरची छपाई वाचली, जी जोडायच्या आधी वाचायला हवी होती. जुनी केबल 62.5/125, नवी 50/125. बाहेरचा व्यास दोघींचा १२५ मायक्रॉन, म्हणून मशीनला दोन्ही एकसारख्या दिसल्या. बाहेरच्या कडा तंतोतंत जुळल्या की तिचं काम झालं, आतला कोअर आणि एनए तिला कुठं कळतोय. जुन्या फायबरचा एनए ०.२७५, म्हणजे जवळपास १६ अंशांचा शंकू. नव्याचा ०.२०, साडेअकरा अंश. रुंद शंकूतून अरुंद शंकूत प्रकाश ओतला की कडेचे किरण नव्या फायबरच्या कोनाबाहेर पडतात, आणि त्यांचं तेच होतं जे वर ४० अंशांच्या किरणाचं झालं. त्यात कोअरही लहान. दोन्ही धरून तोटा

```
20 × log10( (50 × 0.20) / (62.5 × 0.275) ) = −4.7 dB
```

म्हणजे तिनातला एकच भाग पलीकडं गेला. उलट दिशेनं अरुंद शंकू रुंद शंकूत आरामात मावतो, म्हणून तिकडून तोटा नाही. मोजमापात दोन दिशांचा फरक ४.७ ऐवजी चारच्या थोडा वर आला, तोही तुमच्या प्रॅक्टिकलच्याच कारणानं: जुन्या फायबरमधून सांध्यापर्यंत येईतो सगळ्यात तिरके किरण आधीच थोडे थकलेले होते, शंकू काठोकाठ भरलेला नव्हता.

मला कळायला वेळ लागला तो पुढच्या गोष्टीला. एका दिशेनं तोटा नाही, मग दिवे दोन्ही बाजूंचे का लुकलुकत होते? कारण शॉपकडच्या, सिग्नल प्रकाशात बदलणाऱ्या कन्व्हर्टरमध्येही एलईडीच होता आणि तो आपला रुंद प्रकाश ५० च्या अरुंद तोंडात घालत होता. जो प्रकाश सांध्यावर वाया जायचा तो इकडं एलईडीच्या तोंडाशीच नाकारला जात होता. मी मीटर शून्य केला होता तो ५० च्या पॅचकॉर्डच्या पलीकडच्या टोकाला, म्हणजे हा तोटा होऊन गेल्यानंतर. मीटरला तो दिसणारच नव्हता. शेवटी नवा तुकडा काढून ६२.५ चा टाकला, स्वतःच्या खर्चानं.

तुमच्या जर्नलपुरतं सांगायचं तर आधीची रीडिंगं खोडू नका. आलेख काढून चढावरून ०.३७ लिहा, शून्याची चूक सुमारे ४.४ मिमी म्हणून वेगळी नोंदवा आणि होल्डर उघडून टोक खरंच तेवढं बाहेर आहे का ते फूटपट्टीनं मोजून शेजारी लिहा. मग आठाचे वेढे घालून त्याच चार अंतरांवर पुन्हा रीडिंग घ्या. दोन रेषा एकाच ग्राफपेपरवर आल्या की दुसरी जास्त उभी दिसेल. सरांना तो कागद दाखवा.